घड्याळाची कँडल की उलाढालीचा बार? टिक चार्ट आणि व्हॉल्यूम बार समजून घेताना

एकाच शेअरचा एकाच दिवसाचा चार्ट दोन पडद्यांवर पूर्णपणे वेगळा दिसू शकतो आणि तरीही दोन्ही बरोबर असू शकतात. एका पडद्यावर दुपारच्या भागात लहान लहान कँडलची लांबच लांब रांग दिसते, तर दुसऱ्यावर तोच काळ मोजक्या बारमध्ये आटोपतो. सकाळी नेमके उलटे घडते. पहिल्या पडद्यावर वेळेनुसार कँडल काढल्या आहेत, दुसऱ्यावर झालेल्या उलाढालीनुसार. दिवसाच्या दिवसात खरेदी-विक्री करणारे अनेक जण हल्ली दुसऱ्या प्रकाराकडे वळतात. त्यातून नेमके काय बदलते, आणि पडद्यावर ‘टिक चार्ट’ अशी पाटी असलेला चार्ट खरोखरच टिक चार्ट असतो का, हे मात्र क्वचितच समजावून सांगितले जाते.

## कँडल कधी बंद करायची?

बाजारात प्रत्यक्षात घडतात ते फक्त सौदे. एका विशिष्ट क्षणी, एका विशिष्ट भावाला, ठरावीक संख्येने शेअर एका हातातून दुसऱ्या हातात जातात. वर्दळीच्या शेअरमध्ये दिवसभरात असे हजारो सौदे होतात आणि ते सगळे एकेक करून पाहणे डोळ्यांना शक्य नसते. म्हणून आपण त्यांचे गट पाडतो आणि प्रत्येक गटातला पहिला, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा असे चारच भाव ठेवतो. कँडल किंवा बार म्हणजे असा एक गट.

गट कुठे तोडायचा, हा सगळा प्रश्न आहे. वेळेच्या चार्टवर घड्याळ सांगेल तिथे तोडायचा, म्हणजे पाच मिनिटे झाली की कँडल बंद, मग त्यात दहा सौदे झालेले असोत की दहा हजार. टिक चार्टवर सौद्यांची ठरावीक संख्या पूर्ण झाली की बार बंद होतो; इथे टिक म्हणजे एक सौदा, भावातला सर्वांत लहान फरक नव्हे. व्हॉल्यूम बारमध्ये हस्तांतरित झालेल्या शेअरची ठरावीक संख्या भरली की बार बंद होतो. वेळेवर सुटणारी गाडी रिकामी असली तरी सुटते आणि खचाखच भरली तरी वेळेआधी हलत नाही, तर जागा भरल्या की सुटणारी गाडी गर्दीच्या वेळी दर दोन मिनिटांनी निघते आणि एरवी अर्धा तास थांबते. दोन्हींमधून प्रवासी तेवढेच जातात. फक्त एका गाडीत किती माणसे असतील हे पहिल्या प्रकारात ठाऊक नसते आणि पुढची गाडी किती वाजता निघेल हे दुसऱ्या प्रकारात.

यातली एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. गट पाडण्याची पद्धत बदलल्याने नवी माहिती जन्माला येत नाही. सौदे तेच राहतात. बदलते ते एवढेच, की कोणता तपशील चार भावांच्या आड लपतो आणि कोणता उघडा राहतो.

## एका कल्पित शेअरचा दिवस

समजा, एका वर्दळीच्या शेअरचे सत्र सहा तासांचे आहे. दिवसभरात ३६ लाख शेअर हस्तांतरित होतात आणि त्यासाठी ७२,००० सौदे होतात, म्हणजे सरासरी एका सौद्यात ५० शेअर. पाच मिनिटांच्या ७२ कँडल होतात. तुलना न्याय्य व्हावी म्हणून आपण ५०,००० शेअरचा व्हॉल्यूम बार आणि १,००० सौद्यांचा टिक बार घेऊ; त्यांचीही संख्या दिवसाला साधारण ७२ च येते.

आता उलाढाल दिवसभरात सारखी पसरलेली नसते. बाजार उघडताना आणि बंद होताना ती जास्त असते, मधल्या काळात ओसरते. आपल्या शेअरमध्ये पहिल्या अर्ध्या तासात ७.२ लाख शेअरची उलाढाल झाली असे धरू. वेळेच्या चार्टवर त्या अर्ध्या तासाला सहा कँडल मिळतात. व्हॉल्यूमच्या चार्टवर चौदापेक्षा थोडे जास्त बार, म्हणजे दर दोन मिनिटांना सुमारे एक. दुपारच्या दोन तासांत मात्र ६ लाखच शेअर फिरले. तिथे वेळेच्या २४ कँडल आहेत आणि व्हॉल्यूमचे १२ बार, म्हणजे सरासरी दहा मिनिटांना एक.

याचा अर्थ असा, की वेळेच्या चार्टने दिवसाच्या पाचव्या हिश्श्याच्या उलाढालीला सहा कँडलमध्ये कोंबले आणि त्याहून कमी उलाढालीसाठी २४ कँडल खर्च केल्या. दुपारच्या त्या कँडलचा रंग लाल की हिरवा हे पुष्कळदा मूठभर सौद्यांवर ठरलेले असते, पण चार्टवर त्यांना सकाळच्या कँडलइतकीच जागा आणि इंडिकेटरच्या हिशेबात इतकेच वजन मिळते.

## एका पाच मिनिटांच्या कँडलच्या पोटात

आता १०:३० ते १०:३५ ही एकच कँडल घेऊ. भाव ५०० ला उघडला, वर ५०३.२० पर्यंत गेला, खाली ४९९.६० पर्यंत आला आणि ५००.८० ला बंद झाला. उलाढाल ३ लाख शेअर. वेळेच्या चार्टवर यातून एक छोटी हिरवी कँडल दिसते, जिची वरची वात, म्हणजे सर्वांत वरच्या भावापर्यंत गेलेली बारीक रेघ, लांब आणि खालची तोकडी आहे. भाव आधी वर गेला की आधी खाली, हे ही कँडल सांगत नाही. वर किती वेळ रेंगाळला, तिथे किती शेअर फिरले, हेही सांगत नाही.

तीच पाच मिनिटे ५०,००० शेअरच्या सहा बारमध्ये पाहू. सोयीसाठी पहिला बार बरोबर १०:३० ला सुरू झाला असे मानू. प्रत्यक्षात बारच्या सीमा घड्याळाच्या आकड्यांशी अशा जुळून येत नाहीत. पहिला बार ७० सेकंदांत भरला आणि त्यात भाव ५०० वरून ५०१.९० वर गेला. दुसरा ४० सेकंदांत भरला आणि भाव ५०३.१० वर पोहोचला. तिसरा ३० सेकंदांत भरला, पण भाव ५०२.८० ते ५०३.२० च्या दरम्यानच घुटमळला आणि ५०३ ला थांबला. चौथा ३५ सेकंदांत भरला आणि भाव हलला केवळ १० पैशांनी, ५०२.९० ला. पाचवा २५ सेकंदांत भरला आणि भाव ५०१.२० पर्यंत कोसळला. सहाव्याला १०० सेकंद लागले. त्यात भाव ४९९.६० ला टेकून ५००.८० ला परतला.

पाहण्याजोगे आहेत ते तिसरा आणि चौथा बार. त्या दोन बारमध्ये मिळून एक लाख शेअर ६५ सेकंदांत फिरले आणि भाव जागचा हलला नाही. चढत्या भावाला खरेदी करणारे तितक्याच जोमाने येत होते, पण ५०३ च्या आसपास कोणीतरी, एक जण किंवा अनेक जण, त्यांना हवे तेवढे शेअर विकायला तयार होते. आधीच्या दोन बारमध्ये तेवढ्याच उलाढालीने भाव तीन अंकांहून जास्त वर नेला होता. तीच उलाढाल आता भावाला ढकलू शकत नाही, हा बदल समान आकाराचे बार शेजारी शेजारी ठेवले की डोळ्यांना आपोआप दिसतो. वेळेच्या कँडलमध्ये तो वरच्या वातीत विरघळून गेला.

पुढे भाव पडला, म्हणून हा विक्रीचा संकेत होता असे ठरवून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. असाच रेंगाळलेला भाव पुष्कळदा विकणारे संपल्यावर आणखी वर निघून जातो. बार एवढेच सांगतो, की इथे झटापट चालू आहे. कोण जिंकणार हे तो सांगत नाही.

## मग एक मिनिटाची कँडल का पुरत नाही?

हा आक्षेप रास्त आहे. एक मिनिटाच्या चार्टवर तिसऱ्या मिनिटाची कँडल लहान आणि तिच्याखालचा व्हॉल्यूमचा खांब उंच दिसला असता. सराईत नजरेला तेवढे पुरेसे ठरू शकते. वेळेच्या कँडल आणि त्याखाली व्हॉल्यूम, ही जोडी व्यवस्थित वाचणाऱ्याला व्हॉल्यूम बारची गरज कमी भासते, हे मान्य करायला हरकत नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे घटना मिनिटाच्या सीमेवर पडली तर ती दोन कँडलमध्ये अर्धी अर्धी वाटली जाते आणि दोन्हीकडे साधारणच दिसते. दुसरी अडचण दुपारची. सकाळसाठी एक मिनिटाचा चार्ट निवडला, तर दुपारच्या दोन तासांसाठी १२० कँडल पाहाव्या लागतात आणि त्यातल्या प्रत्येकीत सरासरी पाच हजार शेअर असतात, तर पहिल्या अर्ध्या तासातल्या प्रत्येक मिनिटात २४ हजार. घड्याळाचे माप कितीही बारीक केले तरी दिवसाच्या एका टोकाला ते घट्ट होते आणि दुसऱ्या टोकाला ढगळ.

## सौदे मोजावेत की शेअर?

टिक चार्ट आणि व्हॉल्यूम बार यांना पुष्कळ जण एकच समजतात, कारण वर्दळीच्या शेअरमध्ये ते बऱ्याचदा सारखे दिसतात. पण सौद्यांची संख्या ही फसवी गोष्ट आहे. समजा, एकाने ५,००० शेअरची एकच खरेदी ऑर्डर चालू भावाला टाकली. समोर विकणाऱ्यांच्या चाळीस छोट्या ऑर्डर रांगेत असतील, तर त्या एका निर्णयातून चाळीस सौदे नोंदले जातात. समोर एकच मोठा विकणारा असेल, तर तेवढ्याच खरेदीतून एक सौदा. म्हणजे टिकची संख्या खरेदी करणाऱ्याच्या उत्साहापेक्षा समोरच्या रांगेत ऑर्डर किती तुकड्यांत लागल्या आहेत यावर अवलंबून राहते. शिवाय मोठ्या संस्था आपल्या ऑर्डर संगणकाकरवी बारीक तुकडे करून टाकतात. त्यामुळे शंभर सौद्यांमागे शंभर माणसे आहेत असे मानायला आधार नाही.

नोंदीचे नियम बदलले तरी टिक बदलतात. अमेरिकेत डिसेंबर २०१३ पर्यंत ठरावीक लॉटपेक्षा, म्हणजे सहसा १०० शेअरपेक्षा, लहान सौदे सर्व बाजारांच्या एकत्रित सौदा-प्रवाहात येत नसत. ९ डिसेंबर २०१३ पासून ते येऊ लागले. त्या दिवशी कोणाच्याही वागण्यात काही बदल झाला नव्हता, पण नोंदल्या जाणाऱ्या सौद्यांची संख्या वाढली. जुनाच टिकचा आकार पुढे चालवणाऱ्याचे बार त्या दिवसापासून लवकर भरू लागले. शेअरची संख्या त्या मानाने कमी बदलली, कारण हे सौदे संख्येने पुष्कळ असले तरी आकाराने लहान होते.

याच्या विरुद्ध बाजूचा एक पुरावाही नोंदवला पाहिजे. २००० साली थिएरी आने आणि एलियेत जेमान यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाजाराचे ‘घड्याळ’ म्हणून सौद्यांची संख्या ही शेअरच्या संख्येपेक्षा सरस ठरते असा निष्कर्ष होता. पण ती आकडेवारी ऑर्डरचे यंत्राने बारीक तुकडे करण्याची पद्धत आजच्याइतकी सर्रास होण्याच्या आधीची आहे. माझा कल आज स्पष्टपणे व्हॉल्यूमकडे आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे कारण पुढच्या भागात येते.

## पडद्यावरचा टिक खरोखर टिक असतो का?

शेअर बाजाराच्या यंत्रणेतून प्रत्येक सौद्याची स्वतंत्र नोंद बाहेर पडते. पण ती सगळी नोंद सामान्य ग्राहकाच्या पडद्यापर्यंत पोहोचेलच असे नसते. हजारो शेअरचे सगळे सौदे लाखो ग्राहकांना पाठवणे महाग असते, म्हणून अनेक सेवा एक सोपा मार्ग घेतात. त्या सेकंदाला एकदा किंवा काही वेळा बाजाराची झलक पाठवतात, ज्यात शेवटचा भाव आणि सकाळपासूनची एकूण उलाढाल असते. दोन झलकांच्या मध्ये वीस सौदे झाले असले तरी ग्राहकाकडे एकच अद्ययावत नोंद येते. चार्टचे सॉफ्टवेअर तिलाच एक टिक मानते.

आपल्या शेअरवर याचा परिणाम काढून पाहू. समजा, झलक सेकंदाला जास्तीत जास्त चार वेळा येते. पहिल्या अर्ध्या तासात खरे सौदे १४,४०० होतात, म्हणजे सेकंदाला सरासरी आठ. खऱ्या टिक चार्टवर त्यांचे चौदापेक्षा थोडे जास्त बार व्हायला हवेत. पण सेकंदाला चारच नोंदी येत असतील, तर १८०० सेकंदांत ७,२०० नोंदी येतात आणि बार होतात सात. पाच मिनिटांच्या चार्टवर त्याच काळात सहा कँडल होत्या. म्हणजे ज्या गर्दीसाठी टिक चार्ट लावला, त्याच गर्दीत तो जवळपास वेळेचा चार्ट होऊन बसला.

१०:३० ची ती कँडल तर आणखी बोलकी आहे. तीन लाख शेअर, सरासरी ५० चा सौदा, म्हणजे पाच मिनिटांत ६,००० सौदे. खऱ्या टिक चार्टवर सहा बार झाले असते. झलकांच्या फीडवर ३०० सेकंदांत जास्तीत जास्त १,२०० नोंदी येतात, म्हणजे एक पूर्ण बार आणि दुसऱ्याचा पाचवा हिस्सा. तो एक बार २५० सेकंदांचा, म्हणजे चार मिनिटे दहा सेकंदांचा. ५०३ वरची झटापट त्याच्या वातीत गडप झाली. पाच मिनिटांच्या कँडलपेक्षा काहीही जास्त दिसले नाही. गर्दी जितकी जास्त, तितका असा टिक चार्ट घड्याळाच्या जास्त जवळ जातो, कारण नोंदींचा वेग कमाल मर्यादेला टेकला की एक हजार नोंदी म्हणजे ठरलेले २५० सेकंद.

हे ओळखणे अवघड नाही. बाजार उघडल्यावरच्या धावपळीत टिक चार्टवरचे पाच-सहा बार किती किती सेकंदांत बंद झाले ते पाहावे. ते सगळे जवळपास सारख्याच वेळात बंद होत असतील, तर नोंदींचा वेग मर्यादेला अडकला आहे. दुसरी खूण म्हणजे प्रत्येक टिक बारमधली उलाढाल. सौदे खरोखर मोजले जात असतील, तर एका बारमधली उलाढाल थोडीफार मागेपुढे होते. झलका मोजल्या जात असतील, तर गर्दीच्या बारमध्ये ती अनेक पटींनी फुगते. आपल्या उदाहरणात खऱ्या टिक बारमध्ये ५०,००० च्या आसपास शेअर दिसायला हवेत. त्या २५० सेकंदांच्या बारमध्ये अडीच लाखांच्या घरात दिसतील.

व्हॉल्यूम बार या दोषातून बऱ्याच प्रमाणात वाचतो. झलकेत एकूण उलाढालीचा आकडा असतो आणि मधले सौदे दिसले नाहीत तरी तो आकडा बरोबरच असतो. मागच्या आणि आताच्या आकड्यातला फरक काढला की मधली उलाढाल मिळते आणि बार योग्य वेळी भरतो. चूक उरते ती लहान असते. मधल्या सगळ्या उलाढालीला शेवटचाच भाव लावला जातो, त्यामुळे पाव सेकंदापुरता येऊन गेलेला वरचा किंवा खालचा भाव चार्टवर उमटत नाही. फीड कोणत्या प्रकारचे आहे याची खात्री नसेल, तर टिक चार्टऐवजी व्हॉल्यूम बार लावणे हा शहाणपणाचा मार्ग आहे.

एक धोका मात्र व्हॉल्यूम बारलाही लागू होतो. दिवसभर आपल्यासमोर घडत गेलेला चार्ट बंद करून पुन्हा उघडला, की मागचा इतिहास सर्व्हरवरून येतो आणि तो पुष्कळदा एक मिनिटाच्या कँडलच्या रूपात साठवलेला असतो. सॉफ्टवेअर त्या कँडलचे तुकडे करून बार बनवते आणि मिनिटाच्या आत भाव कसा फिरला याचा अंदाज बांधते. संध्याकाळी चार्टचे चित्र साठवून ठेवावे, मग तो पुन्हा उघडून दोन्ही ताडून पाहावेत. ते जुळत नसतील, तर जुन्या दिवसांच्या व्हॉल्यूम बारवर तपासलेली कोणतीही पद्धत प्रत्यक्षात तशीच वागेल असे धरता येत नाही. मोजणी दररोज सत्राच्या सुरुवातीला शून्यापासून होते का, हेही सेटिंगमध्ये पाहावे. तसे नसेल, तर चार्टवर किती दिवसांचा इतिहास घेतला यावर आजचे बार कुठे तुटतील हे ठरते आणि दोन जणांचे बार कधीच जुळत नाहीत.

## एकच सौदा बारपेक्षा मोठा असेल तर?

बारमध्ये ४९,६०० शेअर भरले आहेत आणि पुढचा सौदा २,००० चा आला, तर काही सॉफ्टवेअर त्यातले ४०० या बारमध्ये घालून १,६०० पुढच्यात टाकतात. काही तो अख्खा सौदा याच बारमध्ये घेऊन ५१,६०० वर बंद करतात. एवढ्याने फारसे बिघडत नाही. पण सुरुवातीच्या लिलावात, म्हणजे साठलेल्या ऑर्डर एकत्र जुळवताना, एकाच भावाला दीड लाख शेअर फिरले, तर पहिल्या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये एका क्षणी तीन आडव्या रेघा उमटतात. त्यांना भाव स्थिरावल्याची खूण समजू नये. लिलावाचे आणि दोघांत आधीच ठरलेले मोठे सौदे मोजणीतून वगळण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी.

## आकार किती ठेवावा?

२३३, ३७७, ६१० अशा आकड्यांचे टिक चार्ट वापरण्याची एक जुनी हौस आहे. हे आकडे फिबोनाची मालिकेतले आहेत, आणि शेअरच्या वर्दळीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ज्या शेअरमध्ये दिवसाला सत्तर हजार सौदे होतात आणि ज्यात सात हजार होतात, त्या दोघांना एकच आकडा लावण्याला काही अर्थ उरत नाही.

आपण आजवर कोणती वेळेची कँडल वापरत होतो, तिथून सुरुवात करणे सोपे जाते. मागच्या वीसेक दिवसांची सरासरी उलाढाल घ्यावी आणि तिला दिवसातल्या कँडलच्या संख्येने भागावे. आपल्या उदाहरणात ३६ लाखांना ७२ ने भागून ५०,००० आले. हा आकडा आठवड्यातून एकदा पाहून गरज असेल तरच बदलावा. कंपनीच्या आर्थिक निकालाच्या दिवशी उलाढाल तिप्पट झाली आणि ७२ ऐवजी दोनशेच्या वर बार झाले, तरी दिवसाच्या मध्येच आकार बदलू नये, कारण मग सकाळचे आणि दुपारचे बार एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत.

शेअरचे विभाजन झाले, की मात्र त्याच दिवशी आकार बदलावा लागतो. ॲपलच्या एका शेअरचे चार झाले आणि ३१ ऑगस्ट २०२० पासून तो नव्या भावाने खरेदी-विक्रीला आला. त्या दिवशी जुनाच शेअरचा आकडा चालू ठेवला असता, तर तेवढ्याच पैशांच्या उलाढालीत चौपट बार झाले असते. यावर उपाय म्हणून काही जण शेअरऐवजी पैशांतली उलाढाल मोजतात. ५०० भावाच्या ५०,००० शेअरऐवजी अडीच कोटींची उलाढाल झाली की बार बंद. विभाजनाचा त्यावर परिणाम होत नाही. फक्त एका दिवसाच्या आत भाव फारसा बदलत नसल्याने इंट्राडे काम करणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात.

## नेहमीचे इंडिकेटर तसेच चालतात का?

चालतात, पण त्यांचा अर्थ बदलतो. भावाच्या चढ-उतारांचा जोर मोजणारा १४ बारचा आरएसआय पाच मिनिटांच्या चार्टवर सदैव मागची ७० मिनिटे पाहतो. आपल्या व्हॉल्यूम बारवर तोच आरएसआय सकाळी सुमारे अर्धा तास मागे पाहतो आणि दुपारी दोन तासांहून जास्त. हे बरे की वाईट हा प्रश्न नाही. पण वेळेच्या चार्टवर बेतलेल्या ७० आणि ३० च्या मर्यादा इथेही तशाच लागू पडतील हे गृहीत धरू नये.

व्हॉल्यूमचा खांब मात्र निरुपयोगी होतो, कारण प्रत्येक बारखाली तो सारखाच उंच असतो. त्याची जागा बार भरायला लागलेल्या वेळेने घ्यावी. १०:३० च्या उदाहरणात ७०, ४०, ३०, ३५, २५ आणि शेवटी १०० सेकंद, या आकड्यांतच गर्दी कशी वाढली आणि कशी ओसरली हे दिसते. बार किती सेकंदांत भरला हे खाली दाखवण्याची सोय नसलेला व्हॉल्यूम चार्ट अर्धवट आहे, असे माझे मत आहे.

## याने नफा वाढतो का?

या पद्धतीच्या मागे ठोस निरीक्षण आहे. १९७३ मध्ये पीटर क्लार्क यांनी कापसाच्या वायदा सौद्यांचा अभ्यास करून दाखवले, की भावातील बदल उलाढाल लक्षात घेऊन पाहिले तर घड्याळाच्या मापाने दिसणारे टोकाचे बदल पुष्कळ निवळतात आणि ते नेहमीच्या घंटेच्या आकाराच्या वितरणाच्या जवळ येतात. याचा अर्थ बार एकमेकांशी तुलना करण्याजोगे होतात. पुढचा बार वर जाईल की खाली, याबद्दल त्यातून काहीच निघत नाही.

उलट एक तोटा हमखास संभवतो. सकाळच्या अर्ध्या तासात सहाऐवजी चौदा बार बंद होतात, म्हणजे दर बारच्या बंद भावावर निर्णय घेणाऱ्याला दुपटीहून जास्त संकेत मिळतात. प्रत्येक संकेतावर सौदा केला, तर दलाली आणि कर तर वाढतातच, शिवाय धावत्या भावात ऑर्डर टाकल्याने हव्या त्या भावापेक्षा वाईट भाव पदरात पडण्याचे प्रमाणही वाढते. आपला पाचवा बार २५ सेकंदांत बंद झाला होता. तो पाहून, विचार करून, ऑर्डर टाकेपर्यंत सहावा बार ४९९.६० ला पोहोचलेला असू शकतो.

दुपारी याच्या उलट गोष्ट जाचते. बार भरायला पंधरा मिनिटे लागत असतील आणि भाव थोड्याशा उलाढालीवर हळूहळू विरुद्ध दिशेला सरकत असेल, तर ‘बार बंद झाल्यावर बाहेर पडेन’ असे ठरवणारा अडकतो, कारण बार बंदच होत नाही. म्हणून व्हॉल्यूम किंवा टिक चार्टवर काम करताना ठरलेल्या तोट्यावर बाहेर काढणारा स्टॉपलॉस बारच्या बंद भावावर ठेवू नये. तो भावाशी बांधलेला असावा आणि त्याची ऑर्डर प्रत्यक्ष बाजारात लागलेली असावी.

## वेळेची कँडल कुठे लागतेच

बाजारातल्या काही गोष्टी घड्याळावरच चालतात. निकाल, व्याजदराचे निर्णय आणि आकडेवारीच्या घोषणा ठरल्या वेळी होतात, शेवटचा लिलाव ठरल्या वेळी होतो, आणि काही संस्था आपली मोठी ऑर्डर सारख्या वेळाच्या तुकड्यांत विभागून टाकतात. शिवाय पाच आणि पंधरा मिनिटांच्या कँडलचे बंद भाव असंख्य लोक एकाच वेळी पाहत असतात, त्यामुळे त्या क्षणांना भावाची हालचाल वाढू शकते. व्हॉल्यूम बारवर या सगळ्या सीमा पुसल्या जातात. म्हणून दिवसाची दिशा आणि महत्त्वाचे भाव पंधरा मिनिटांच्या चार्टवर आखून, त्या भावांजवळ काय चालले आहे ते व्हॉल्यूम बारवर पाहणे, अशी कामाची वाटणी व्यवहार्य ठरते. आपल्या उदाहरणात ५०३ हा कालचा सर्वोच्च भाव असता, तर ती रेघ वेळेच्या चार्टवर आधीच मारलेली असती आणि तिसरा बार तिथे अडखळताच नजर तिकडे गेली असती. रेघ नसलेल्या ठिकाणी भाव असाच दोन बार रेंगाळला, तर त्याकडे दुर्लक्ष केलेलेच बरे.

ज्या शेअरमध्ये दिवसाला काही शेच सौदे होतात, तिथे हे सगळे लागूच होत नाही. एखादा मोठा सौदा तिथे दोन-तीन बार एका दमात भरतो आणि त्यानंतर तासभर काहीच घडत नाही. अशा ठिकाणी वेळेची कँडल रिकामी दिसते, आणि तिथली खरी परिस्थितीही तशीच असते.